पाचवा डबा

सात तारखेची संध्याकाळ झाली आणि कुडाच्या भिंतीपलीकडे पुन्हा वाजायला लागलं. खण, खण, खण. जरा थांबून दुसऱ्या डब्यात. मग तिसऱ्या. चुलीपुढे बसलेली कांता तो आवाज ऐकून नवऱ्याकडे वळली.

"आयकता का? इंदुताईनं पगार पाच डब्यात वाटला. अन् आपला कुठी गेला?"

तिचा नवरा खुशाल लाकूड डेपोत चौकीदार. त्याने खिशातल्या उरलेल्या नोटा तिच्यापुढे ठेवल्या. बाकीचा पगार किराणावाल्याने मागच्या महिन्याच्या उधारीत वाटेतच कापून घेतला होता.

"वाटायले उरते कुठी? मी का करू त्याले?"

आलापल्लीच्या त्या जोडघरात राहायला आल्यापासून कांता शेजारणीवर जळत होती. इंदुताईंचे यजमान गुणवंतराव लाकूड कापायच्या आरामशिनीवर फिटर. त्यांच्या पोरांनी खेळून टाकलेले लोखंडी वायसर, बोल्टाखालच्या चकत्या, अंगणभर सापडत, एवढाच काय तो त्या घराचा पसारा. भांडण नाही, आदळआपट नाही. गुणवंतराव रात्री उशिरा येत आणि गुपचूप झोपत. इंदुताई किराण्याच्या दुकानाची पायरीसुद्धा चढत नसत. उधारी घेणाऱ्या बायका त्यांच्या खिजगणतीत नसाव्यात, असं कांताला वाटे. रानातून कुड्याची फुलं, तरोट्याची भाजी आणून शौकाने खात आणि अंगाने कशा सडसडीत राहिल्या होत्या!

कांताचं मात्र भाकरी थापतानाही डोकं बेरजा-वजाबाक्या करी. दारात पाहुणा दिसला की आधी डब्यातली साखर आठवे. यंदा तर थोरली लेक कमला मॅट्रिक होणार होती. चंद्रपूरला पुढे शिकायचं, तर जूनमध्ये वसतिगृहाची अनामत भरायची, दोनशे रुपये. ते नाही जमले तर पोरगी घरी बसणार, हे कांताला रात्रंदिवस खात होतं.

शेवटी मत्सरच कामाला आला. "तिले जमते, तं मले काऊन नाई?" म्हणत तिने घरातले रिकामे डबे घासले. धान्याचा, तेल-मिठाचा, घासलेटचा, शाळेचा आणि पाचवा कमलाचा.

पहिल्याच महिन्यात डबे हसले तिला. उधारी फेडून काही उरेचना. मग ती दुकानात गेली आणि बोलली, "मांगची बाकी एकदम नका कापू, भाऊ. दर महिन्याले पंधरा देईन. पर आजपासून उधार नाई."

दुकानदार कुरकुरला, पण कबूल झाला. रोख देऊ लागल्यावर तिला भाव विचारता येऊ लागला, आणि उधारीत गळ्यात पडणारा खड्यांचा तांदूळ बंद झाला. धान्याच्या पैशाच्या तिने चार पुरचुंड्या केल्या, आठवड्याला एकच सोडायची. पुरचुंडी लवकर संपली, तर त्या आठवड्यात कण्या. दुसरीला हात नाही. कमलाच्या डब्यात मात्र पगाराच्या दिवशीच पैसे पडत, उरले तर टाकू असं नव्हे.

पैसा वाढला नव्हता. पण वीस तारखेला किती आहे ते तिला ठाऊक असे, आणि ठाऊक असलं की झोप लागे. दर सात तारखेला भिंतीपलीकडे वाजलं की ती आपले डबे मुद्दाम जोरात वाजवी. मे संपता संपता पाचव्या डब्यात दोनशे झाले.

त्याच आठवड्यात इंदुताई दारात आल्या.

"कांता, पन्नास रुपये देशीन का?"

कांताला आधी खरंच वाटेना. मग एवढ्या दिवसांची जळफळ जिभेवर आली.

"मले मांगता, ताई? तुमच्याइथी तं पाच डबे हायेत. त्यातला एक खोला ना. आमचे तं पोरीचे पैसे हायेत."

इंदुताई वळल्या. घरात गेल्या, डबा घेऊन आल्या आणि कांताच्या उंबऱ्यावर उपडा केला.

खणखणत वायसर सांडले. एक गडगडत कांताच्या पायाशी येऊन पडला.

"अन् बाकीचे चार?" कांताने विचारलं.

"चारीत बी हेच. पोरायच्या बापाचा पगार दारूच्या भट्टीवरच संपते, कवाचाच. दुकानवाल्यानं उधारी बी बंद केली." इंदुताईंनी वायसर एकेक करून डब्यात भरायला घेतले. "तू भिंतीले कान लावून ऐकत रायतस, मले मालूम होतं. म्हून वाजवत होतो."