परत म्हणून दाखवा

गुरूचा निरोप शब्दांनी घेता येत नाही, असं म्हणतात. विमानतळाच्या मनोऱ्यात मात्र शब्दांवाचून पान हलत नाही. नियंत्रकाने सांगितलेली उंची वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि त्यात एक आकडा जरी चुकला, तरी नियंत्रकाने तो तिथल्या तिथे दुरुस्त करायचा, हे सरांनी हाताखालची नियंत्रक म्हणून तिच्याकडून बारा वर्षं घोटून घेतलं होतं.

त्याच सरांना तिने मनाचा हिय्या करून मेसेज लिहिला, "सर, नोकरी कायमची सोडली. आता मातीची भांडी करणार. जे काही शिकले, ते तुमच्यामुळे. रागावू नका."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. सरांनी शिस्तीत सगळं परत म्हणून दाखवलं होतं.

"नोकरी सोडलीस. मातीची भांडी करणार. शिकलीस ते माझ्यामुळे. मी रागवायचं नाही. सहा महिन्यांनी परत येणार. बरोबर?"

तिने ते दोनदा वाचलं. चूक धडधडीत होती. तिने "बरोबर, सर" लिहून पाठवून दिलं.


चुका दुरुस्त करणं हे नियंत्रकाचं काम, आणि तिची ड्यूटी काल दुपारी दोनलाच संपली होती.