चार जीबीची पट्टी

दोन वर्षं वाट पाहिलेला गेम आला आणि करिष्माच्या जुन्या लॅपटॉपवर उघडताच बंद पडला. बाकी सगळं जुळत होतं. रॅम तेवढी आठ जीबी हवी होती, तिच्याकडे चारच होती. आईच्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या तशाच चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. करिष्मानं त्याचं मागचं झाकण उघडलं, क्लिपा बाजूला सारून एक पट्टी काढली आणि आपल्या लॅपटॉपच्या रिकाम्या खाचेत तिरपी घालून दाबली. गेम सुरू झाला.

शाळेत चपराशी असलेली आई क्लार्कच्या परीक्षेसाठी ऑनलाइन कॉम्प्युटर शिकत होती. आठवड्यानं ती म्हणाली, "क्लास चालू ठेवून एक्सेल उघडलं का सगळं अटकून जाते. मलेच जमून नाही राहिलं, बाई. सरले सांगून देईन, नाव काटून टाका."

करिष्मानं गुपचूप पट्टी परत बसवली. "साफ करून देला, आता चालवून पाय," एवढंच बोलली.

संध्याकाळी क्लास सुरळीत चालला. आईनं माईक सुरू केला आणि हिंदी बोलणाऱ्या सरांना सांगितलं, "सर, हमारी बेटी ने ठीक किया! सुपेला बाज़ार में रिपेयर की दुकान ले जाना ही नहीं पड़ा." आणि तिनं करिष्माला कॅमेऱ्यासमोर ओढलं. पडद्यावरचे सगळे टाळ्या वाजवत होते. करिष्माची मान वर झाली नाही.