सहावं फूल

कोट उन्हात आला आणि त्याच्यावर फुलं उगवली.

म्हातारा खिडकीपाशी डुलक्या घेत होता. पन्नास वर्षं कपडे शिवून तो निवृत्त झाला होता, पण त्याची खुर्ची काही निवृत्त झाली नव्हती. ती दुकानातच होती, म्हणून तोही असायचा. दुकान आता सूनबाई चालवायची. फुलं बघून त्याला आधी वाटलं, आपण झोपेतच आहोत. हिरव्या बनातीवर, त्या जाड लोकरी कापडावर, हिरव्याच दोऱ्याची फुलं. ऊन तिरकं पडलं की दिसायची, कोट जरा हलला की विझायची. असलं काम त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तो ज्यांच्याकडे शिकला त्या उस्तादांच्या दुकानात, तेही लांबून.

कोट अंगातून काढणारी बाई पन्नाशीची होती, अनोळखी. "एवढी फुलं उसवून द्या. साधा करायचाय," ती म्हणाली.

"अर्ध्या तासाचं काम," म्हणत सूनबाईने कातर उचलली.

"थांब!"

सूनबाईच्या दुसऱ्या हातातलं रीळ पडलं. "बाबा, तुम्ही जागे आहात होय?"

त्याने कोट मांडीवर ओढला आणि पुढची कड उलटी केली. कोटाला अस्तर नव्हतं. आतल्या बाजूलाही हुबेहूब तीच फुलं होती, तितकीच गुळगुळीत. कुठे गाठ नाही, कुठे दोऱ्याचं टोक नाही. सुई जेवढी वरून पाकळी भरते तेवढीच खालूनही भरायची, आणि टोक टाक्यांच्याच पोटात दडवून टाकायचं. फरक एकच होता. बाहेरचा हिरवा रंग उन्हाने उतरला होता, आतला पहिल्या दिवसासारखा गडद होता.

"हे कुणी भरलंय?"

"माझ्या वडिलांच्या दुसऱ्या बायकोने. लग्नाआधी, स्वतःसाठी." बाई हे फार वेळा सांगून झाल्यासारखं सांगत होती. "मी सतरा वर्षांची, शिकायला बाहेरगावी निघाले तेव्हा मला दिला. तिच्या लेकीला नवाकोरा, मला तिचा वापरलेला. तोही अर्धवट. इकडे तीन फुलं, तिकडे दोन. सहावं आखलं आणि सोडून दिलं. पोटची असते तर दिला असता असा?"

म्हाताऱ्याने भिंग मागितलं.

"आता आजारी आहे म्हणे," बाई पुढे म्हणाली. "बहीण रोज फोन करते, एकदा येऊन जा म्हणून. कशाला जाऊ मी?"

म्हातारा सहाव्या फुलाच्या रिकाम्या जागेवर वाकला होता. आखणी म्हटली की रेघ असते. इथे रेघ नव्हतीच. पाकळ्यांच्या आकाराची अख्खी बनातच गडद होती.

"हे आखलेलं नाही, ताई," तो म्हणाला. "इथे ऊन लागलेलं नाही. म्हणजे इथे फूल होतं. चांगलं वर्षानुवर्षं होतं. मग कुणीतरी उसवलं."

"कुणी?"

"ज्यांनी भरलं त्यांनीच. टोक कुठे दडवलंय ते त्यांनाच ठाऊक. आपण उसवायला गेलो तर कापावंच लागेल. इथे कापलेला एकही तंतू राहिलेला नाही. दोरा अख्खा निघालाय."

"मग तो गेला कुठे?" हे सूनबाईने विचारलं. कातर तिने केव्हाच खाली ठेवली होती.

म्हाताऱ्याची बोटं सुई धरताना थरथरायची, पण शोधताना नाही. ती कॉलरवरून गेली, खिशांवरून गेली, मग उजवी बाही उलटी करून आत शिरली आणि कोपरापाशी थांबली. बाहेरून तिथे काहीच दिसत नव्हतं. आतून रुपयाएवढं रफू होतं. उभे धागे, त्यांच्या खालून-वरून आडवे धागे, इतके बारीक की बनातीने ते आपलेच मानले होते. त्याने भिंग बाईच्या हातात दिलं.

"एकच धागा धरा आणि त्याच्याबरोबर चला. काय दिसतंय?"

बाईने बराच वेळ पाहिलं. "फिका आहे. मग गडद. परत फिका, परत गडद."

"फिका तुकडा पाकळीच्या बाहेरच्या, उन्हाकडच्या अंगाचा. गडद तुकडा आतल्या अंगाचा. मापून बघा, पाकळीच्या रुंदीएवढाच भरेल." त्याने रफूवर बोट ठेवलं. "कोपर फाटलं होतं, ताई. दुसरा कुठलाही हिरवा लावला असता तर रफू लांबून दिसलं असतं. तुम्हाला फाटका कोट द्यायचा नव्हता त्यांना."

त्याला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटला. पन्नास वर्षांत त्याने लोकांचं पुष्कळ उसवलं होतं, पण स्वतःचं चांगलं काम दुसऱ्याच्या कोपरासाठी कधी उसवलं नव्हतं.

बाई गिऱ्हाइकांच्या खुर्चीच्या काठावर बसली. "तेहतीस वर्षं," ती म्हणाली. "तेहतीस वर्षं मी ह्याच कोपरावर हनुवटी टेकून तिला नावं ठेवतेय."

ऊन भिंतीवर सरकलं होतं आणि फुलं पुन्हा बनातीत बुडाली होती.

मग ती उठली. म्हाताऱ्याच्या मांडीवरचा कोट तिने उचलला, दुसरी बाहीही उलटी केली आणि तसाच अंगात घातला. शिवणी सगळ्या बाहेर आल्या. पाच फुलं जागच्या जागी होती, नुकतीच भरल्यासारखी गडद, आणि कोपरावर ते फिकं-गडद रफू.

"स्टेशन कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

सूनबाईने हात दाखवला, आणि मग तिला राहवलं नाही. "अहो ताई, कोट उलटा घातलात."

"असू दे," दार उघडत ती म्हणाली. "तिने ओळखायला हवा."