पटावरचं नाव

तार आणि पत्र एकाच दिवशी आलं. तार मैसूरजवळच्या टी. नरसीपुराहून, बायको ज्याच्याकडे गेली होती त्या साडूची: रुक्मिणीबाई पहाटे तापात गेल्या, ताबडतोब या. मालोजीराव ती हातात धरून दारात उभे होते, तोच टपालवाल्याने एक जाड लिफाफा पुढे केला. वर कन्नडमध्ये नाव होतं, एन. तुंगाबाई. खाली पत्ता याच घराचा. मालोजीरावांनी टपालवाल्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, लिफाफ्यावर लिहिलं, 'या नावाची बाई या घरात नाही', आणि टांगा बघायला गेले.

महिन्याभराने मागच्या गल्लीतल्या वरलक्ष्मी आल्या. त्या आणि रुक्मिणीबाई मुलींच्या शाळेत एका वर्गात होत्या. त्यांनी एक छापील पत्र पुढे ठेवलं. माजी विद्यार्थिनी संघाचं होतं. शाळेला विज्ञानाची प्रयोगशाळा नाही. मुली मुलांच्या कॉलेजात जातात आणि पडद्याआड बसून प्रयोग ऐकतात. संघाने निम्मा खर्च जमवला तर निम्मा दरबार देणार आहे. आठ टेबलं करायची, प्रत्येकाला नळ, मोरी आणि स्पिरिटचे दिवे. एकेका वर्गाने एकेक टेबल द्यावं, त्यावर त्या वर्गातल्या देणाऱ्या मुलींची नावं पितळी पट्टीत कोरली जातील. सोबतचा फॉर्म भरून संक्रांतीपर्यंत पाठवावा.

"आम्ही सात जणी होतो, राव," वरलक्ष्मी म्हणाल्या. "पट्टीवर सहाच चाललीत. तुमच्या घरातलीचं नाही. अय्यो, मला बघवेना."

मालोजीराव राजवाड्याच्या पागेत दफेदार होते. त्यांनी फेटा बांधला आणि तडक शाळा गाठली.

प्रयोगशाळेच्या खोलीत गवंडी मोरीचं भोक पाडत होता. टेबलं आली होती. संघाच्या चिटणीस वेदवतीबाई, शाळेतल्याच शिक्षिका, हातात यादी घेऊन उभ्या होत्या.

"या, बसा ना, राव."

"बसायला आलो नाही. साऱ्या मैसुरात पत्रं वाटलीत. डॉक्टराच्या बायकोला, अमलदाराच्या बायकोला. दफेदाराची बायको, ती काय देणार, असंच ना? पाटल्या मोडून दिलं असतं तिनं! चार वर्षं शिकली ती इथं."

गवंड्याने हातोडा थांबवला.

"आम्ही पटावरच्या प्रत्येकीला लिहिलंय, पत्ते वर्गमैत्रिणींना विचारून," वेदवतीबाई म्हणाल्या. "नाव काय त्यांचं?"

"रुक्मिणीबाई."

त्यांनी कपाटातून जुना पट काढला. एक पान, मग पुढचं, मग परत पहिलं. "रुक्मिणी नावाची मुलगी या वर्गात नाही, राव."

"नाही?" मालोजीरावांचा आवाज चढला. "तुमच्या मास्तरणीनं एकदा वर्गात मॅग्नेशियमची तार पेटवली होती. पांढरा लख्ख उजेड. डोळे मिटले तरी दिसत होता म्हणे. दर दिवाळीला सांगायची. वीस वर्षं ऐकलंय मी. आणि तुम्ही म्हणता, नाही? पुस्तक खोटं आहे तुमचं!"

वेदवतीबाईंनी पट मिटला नाही. त्यांनी विचारलं, "माहेरचं नाव काय होतं?"

लग्नात मालोजीरावांनीच ताटातल्या तांदळात अंगठीने रुक्मिणी असं लिहिलं होतं. त्याआधीचं नाव भटजींनी एकदा घेतलं होतं. त्यानंतर मालोजीरावांच्या घरात कुणी घेतलं नाही. सासरे नरसिंहराव फार लवकर गेले. साडूच्या घरी तिला सगळे अक्काच म्हणत.

"तुंगा," ते म्हणाले.

वेदवतीबाईंनी खणातून परत आलेल्या पत्रांचा गठ्ठा काढला. चौथा लिफाफा त्यांनी टेबलावर ठेवला. वरची पेन्सिल जरा पुसट झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं. पागेतल्या दाण्याच्या चिठ्ठ्यांवर मालोजीरावांचं असतं तेच.

"परत आलेली नावं आम्ही यादीतून काढली. तसा नियम आहे. पण पट्टी अजून कासाराकडेच आहे. सातव्या ओळीला जागा आहे." त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. "तुंगा लिहा."

"रुक्मिणी लिहीन."

"पटावर असेल तेच नाव घालतो आम्ही. सगळ्याच जणींची नावं बदलली आहेत, राव. माझंही."

"माझी बायको आहे ती! ही तुंगा कोण? मी हिला कधी पाहिलंसुद्धा नाही!"

"तेच तुम्ही लिफाफ्यावर लिहिलंय," वेदवतीबाई म्हणाल्या.

गवंडी खाली मान घालून चुना कालवू लागला. मालोजीरावांनी कमरेची पिशवी सोडली, रुक्मिणीबाईंच्या वाटणीचे रुपये टेबलावर आपटले आणि फॉर्म उचलून निघाले. न फोडलेला लिफाफाही नेला.

फाल्गुनात प्रयोगशाळा सुरू झाली. टेबलाला पट्टी बसली, तिच्यावर सहा नावं आहेत. रुपयांची पावती घरी आली. फॉर्म कोनाड्यात लिफाफ्याखाली आहे. त्यात पत्ता भरलेला आहे, नावाची जागा भरायची राहिली आहे.