तिसरी शिट्टी

"ए तिसरी शिट्टी, ताटं घे!" शलाकाने नवऱ्याला, इल्मारीला, हाक मारली आणि फिनलंडहून आलेल्या सासूबाईंचा चेहरा पडला.

"माझ्या मुलाला शिट्टी मारून बोलावतेस?" दोघींच्या कानातल्या दुभाष्या यंत्राने त्यांचा प्रश्न शलाकाला पोचवला.

"दुसरा शब्द शोध," शलाका यंत्राला म्हणाली.

"प्रिय," यंत्राने सुचवलं.

"प्रिय कसलं! चिडवतेय मी त्याला. घडलं तेच सांग. कुकरच्या दोन शिट्ट्यांना यानं दम धरला, तिसरीला स्फोट होणार म्हणून मला ओढत अंगणात पळाला."

सासूबाई खो खो हसल्या. वाफेच्या अंघोळीला तापलेल्या दगडांवर पाणी चर्रकन वाजलं की लहानपणीही तो असाच पळायचा. त्यावरून त्यांनीही त्याला एक नाव ठेवलं होतं. यंत्राने दोन्ही नावांची जोडी लावली.

जेवताना त्यांनी लेकाला त्याच जुन्या नावाने हाक मारली. शलाकाच्या कानात आलं, "ए तिसरी शिट्टी, भात वाढ!"