दाढीत लिहिलेली गंमत

महापौर प्रत्येक भाषणात ‘मी अजून तरुण आहे’ म्हणतात, म्हणून मी त्यांच्या फोटोला शंभरीच्या सुरकुत्या आणि गुडघ्यापर्यंत दाढी लावली. दाढीत दोन चिमण्या बसवल्या आणि त्यांच्याखाली ठळक लिहिलं: ‘गंमत. फोटो एडिट केलेला आहे.’ शहर पोट धरून हसलं.

मग कोणीतरी फोटो ओठांखालून कापला. दाढी गेली, चिमण्या गेल्या, इशाराही गेला. उरला फिकट, सुरकुतलेला चेहरा आणि त्यावर बातमीसारखी नवी ओळ: ‘महापौर अत्यवस्थ, माहिती दडपली.’ हसणारेच आता हळहळत तो पुढे पाठवू लागले.

माझी वहिनी महापौरांची फोटोग्राफर.

“भावजी, तुमच्या चिमण्या माझी नोकरी खाणार. चला, ताजा फोटो काढून खुलासा टाकू.”

महापौर खिडकीशी उभे राहिले, ठणठणीत, गुळगुळीत गालांचे. वहिनीने फोटो काढला. कॅमेऱ्यात सुरकुत्या आल्या.

“मी काही केलं नाहीये हं,” ती पुटपुटली.

दुसऱ्या फोटोत ओठ निळे होते.

“छान आलाय का?” महापौरांनी हसत विचारलं.

“आणखी एक, साहेब.”

तिसऱ्या फोटोत नुसती खिडकी होती.

“आता?” महापौरांनी समोरून विचारलं.