हळदीची वाटी

चाकणच्या घरात हलीमा साध्या लुगड्यात पडद्याआड बसली होती. विधवेच्या दुसऱ्या निकाहाला हळद कसली, म्हणून फुफीनं, तिच्या आत्यानं, हळदीची वाटी खाटेखाली सारली. मामू निकाहाचे वकील होऊन, नवरीचा होकार घ्यायला, दोन साक्षीदारांसह पडद्यापाशी आले. "पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यातला दिलावर मुलाणी, त्याच्याकडून तुला मेहेर शिलाई मशीन, तुझ्या मालकीचं. कबूल?" "हूं," हलीमाऐवजी फुफी बोलली. पहिल्या निकाहातही तिनंच हुंकार भरलेला. थोरले साक्षीदार कासमचाचा जागचे हलले नाहीत. "हा फुफीचा आवाज. कुंवारी गप बसली तर होकार धरत्यात, विधवेला तोंडानंच बोलावं लागतं." फुफी फणकारली, "आमची रीत हाय!" "हळद, सेहरा, बाजा ही रीत. निकाहाला दोघांचा होकार, साक्षीदार, मेहेर एवढंच लागतं." "कबूल," हलीमा मोठ्यानं म्हणाली. मग तिनं खाटेखालची वाटी ओढली. "फुफी, हळद नुसती रीतच हाय ना? मग अडवतंय कोण? लाव."